केंद्रीय संशोधन संस्थेच्या पुरवठादार यादीत नाव नोंदवताना : निकष, कागदपत्रे आणि अर्ज भरण्याची रीत

पुण्यातील एका केंद्रीय संशोधन संस्थेने पुरवठादारांची नोंदणी जाहीर केली, तेव्हा आमच्या लहानशा भागीदारी संस्थेच्या वतीने मी मोठ्या उत्साहाने अर्ज केला. आम्ही प्रयोगशाळांना काचसामान, रसायने आणि नित्य लागणाऱ्या वस्तू पुरवतो. सव्वादोनशे पानांची फाइल बांधून दिली होती आणि दीड महिन्याने ती चार ओळींच्या पत्रासह परत आली : कागदपत्रांत विसंगती आहे आणि अनुभवाचा पुरावा अपुरा आहे. खरेदी विभागात जाऊन विचारले, तेव्हा तेथील लिपिकांनी आमचे जीएसटी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्ही कागदांवरील आमच्या नावाखाली पट्टी धरून दाखवली. बँकेतल्या नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त होते. पत्ताही दोन कागदांवर दोन ठिकाणचा होता. आमच्या मालात किंवा दरात खोट नव्हती, पण तपासणाऱ्यासमोर माल नसतो, कागद असतो. दुसऱ्या वेळी अर्ज साठ पानांचा होता आणि तो मंजूर झाला. मधल्या काळात जे समजले, ते क्रमाने येथे मांडत आहे.

हे मार्गदर्शन केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्थांसाठी आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांची खरेदी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील नियमावलीप्रमाणे होते. तेथील अर्जाचा साचा पुष्कळसा असाच दिसला, तरी नियम वेगळे आहेत, हे लक्षात ठेवावे.

१. यादीचा उपयोग नेमका कशाला होतो, हे आधी समजून घ्या

केंद्रीय संस्थांची खरेदी सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे चालते. त्यातील नियम १४९ सांगतो की जी वस्तू किंवा सेवा ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेवर उपलब्ध आहे, ती तेथूनच घ्यावी. जी तेथे मिळत नाही, तिच्यासाठी संस्थेला स्वतःची पुरवठादार यादी करता येते, अशी तरतूद नियम १५० मध्ये आहे. ही यादी रीतसर प्रसिद्धी देऊन आणि पारदर्शक पद्धतीने करावयाची असते. नोंदणीची मुदत एक ते तीन वर्षांची असते आणि ती संपल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. अटी पूर्ण करणाऱ्या नव्या पुरवठादाराचा विचार मध्येही केव्हाही करता येतो, असे हाच नियम सांगतो.

यादीत नाव आले म्हणजे काम मिळाले, असे नाही. संस्थेला मर्यादित निविदा काढायची असेल, तेव्हा ती यादीतील पुरवठादारांना थेट पत्र पाठवून दर मागवते. नियम १६२ प्रमाणे असे पत्र तीनपेक्षा जास्त पुरवठादारांना जावे लागते. म्हणजे यादी आपल्याला फक्त दर देण्याच्या रांगेत उभे करते. हे मान्य असेल तरच पुढच्या कष्टाला अर्थ आहे. ‘एकदा पॅनेलवर घ्या, मग ऑर्डर ठरलेल्याच’ असे सांगून पैसे मागणारे मध्यस्थ या काळात हमखास फोन करतात. नोंदणी शुल्क असेलच तर ते सूचनेत लिहिलेले असते आणि ते संस्थेच्या खात्यातच भरायचे असते.

२. प्रवर्ग निवडताना हात आखडता ठेवा

सूचनेसोबत प्रवर्गांची यादी असते : रसायने, काचसामान, प्लास्टिक साहित्य, लेखनसामग्री, संगणक साहित्य, विद्युत साहित्य, उपकरणांची दुरुस्ती, छपाई वगैरे. पहिल्यांदा अर्ज करणारा माणूस मिळतील तेवढ्या चौकटींवर खूण करतो. मीही अकरा प्रवर्गांवर केली होती. यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे अनुभवाचा पुरावा प्रवर्गनिहाय मागितला जातो आणि एका प्रवर्गाचा पुरावा नसला की छाननी समिती संपूर्ण अर्जाकडेच साशंक नजरेने पाहते. दुसरी अडचण नियम १४९ ची आहे. कागद, टोनर, लेखनसामग्री आणि संगणक ‘जेम’वर सहज मिळतात, त्यामुळे या प्रवर्गांत यादीत नाव असूनही वर्षभर एकही पत्र येत नाही, असे होऊ शकते. अशा वस्तू विकायच्या असतील तर ‘जेम’वर विक्रेता म्हणून नोंदणी करणे हाच सरळ मार्ग आहे.

यादीचा खरा उपयोग होतो तो विशिष्ट कॅटलॉग क्रमांकाच्या रसायनांना, नकाशाप्रमाणे फुंकून करून घ्यायच्या काचसामानाला, जुन्या उपकरणांच्या दुरुस्तीला आणि सुट्या भागांना. संशोधक ज्या वस्तू शब्दशः सांगून मागतात आणि ज्या बाजारपेठेच्या ठरीव साच्यात बसत नाहीत, त्या ओळखा. दुसऱ्या वेळी आम्ही तीनच प्रवर्ग निवडले : रसायने, काचसामान आणि काचसामानाची दुरुस्ती.

रसायने निवडत असाल तर परवान्यांचा विचार आधीच करा. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या पदार्थांच्या विक्रीला विष अधिनियम १९१९ खालील परवाना लागतो आणि शुद्ध अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. परवाना नसेल तर तो पदार्थ आपण पुरवत नाही, असे अर्जात स्पष्ट लिहावे. त्यामुळे अर्ज नाकारला जात नाही. मात्र परवाना नसताना पुरवठ्याची तयारी दाखवली, तर ते खोटे निवेदन ठरते.

३. पात्रतेचे निकष स्वतःच्या आकड्यांना लावून पाहा

नियम १५० (२) नुसार नोंदणीपूर्वी पुरवठादाराची विश्वासार्हता, उत्पादनक्षमता, गुणवत्ता-नियंत्रण, पूर्वीची कामगिरी, विक्रीपश्चात सेवा आणि आर्थिक पार्श्वभूमी तपासावी लागते. प्रत्येक संस्था यावरून आपले मोजमाप ठरवते. सर्वसाधारणपणे व्यवसायाला ठरावीक वर्षे झालेली असणे, मागील तीन आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल ठरावीक रकमेपेक्षा जास्त असणे आणि सरकारी किंवा निमसरकारी संस्थेला पुरवठा केल्याचा अनुभव असणे, असे निकष दिसतात. यांतील उलाढालीचा निकष सर्वांत जास्त अर्ज पाडतो, म्हणून त्याचे उदाहरण आकड्यांनिशी मांडतो.

समजा, संस्थेने मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान २५ लाख रुपये मागितली आहे आणि तुमची उलाढाल पुढीलप्रमाणे आहे :

- २०२१-२२ : १२,६०,००० रुपये
- २०२२-२३ : १८,४०,००० रुपये
- २०२३-२४ : २७,१०,००० रुपये
- २०२४-२५ : ३३,२०,००० रुपये

शेवटच्या तीन वर्षांची बेरीज ७८,७०,००० रुपये होते आणि सरासरी २६,२३,३३३ रुपये येते. तुम्ही पात्र आहात. पण अर्जाची तारीख जून २०२५ ची असेल आणि २०२४-२५ चा ताळेबंद अजून तयार नसेल, तर समिती आधीची तीन वर्षे धरू शकते. त्यांची बेरीज ५८,१०,००० रुपये आणि सरासरी १९,३६,६६७ रुपये होते. त्याच धंद्याचा माणूस केवळ चार महिने आधी अर्ज केल्यामुळे अपात्र ठरतो. म्हणून नोंदणी वर्षभर खुली असेल तर हिशेब पूर्ण होईपर्यंत थांबावे. अंतिम तारीख ठरलेली असेल तर सनदी लेखापालांनी प्रमाणित केलेले तात्पुरते आकडे चालतील का, हे ईमेलने विचारून उत्तराची प्रत अर्जाला जोडावी. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण फोनवर बोलणारी व्यक्ती छाननी समितीवर असतेच असे नाही.

दुसरी चूक आकडा मांडण्यात होते. उलाढाल जीएसटी वगळून दाखवायची असते. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रात २०२३-२४ चा आकडा १८ टक्के करासह धरला गेला होता, त्यामुळे २७ लाख १० हजारांच्या जागी ३१ लाख ९८ हजारांच्या आसपासची रक्कम दिसत होती. सोबत जोडलेल्या बारा महिन्यांच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रांची बेरीज मात्र २७ लाख १० हजारच येत होती. करविरहित आकडाही आमच्या बाबतीत पुरेसा होता, पण दोन कागद दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर शंका घेणे तपासणाऱ्याचे कामच आहे.

‘सरासरी’ आणि ‘प्रत्येक वर्षी’ यांतला फरकही वाचून घ्या. वरच्या उदाहरणात निकष ‘प्रत्येक वर्षी किमान २५ लाख’ असा असता, तर २०२२-२३ मुळे अर्ज बाद झाला असता.

सनदी लेखापालांच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे अठरा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, असायलाच हवा. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो प्रमाणपत्रांसाठी अनिवार्य आहे आणि खरेदी विभाग तो udin.icai.org या संकेतस्थळावर घालून पाहतो. तपशिलात दिसणारी रक्कम आणि कागदावरची रक्कम सारखी असावी. लहान व्यवसायाला लेखापरीक्षण सक्तीचे नसते, त्यामुळे ‘लेखापरीक्षित ताळेबंद’ मागितला असेल तर गोंधळ होतो. अशा वेळी लेखापालांनी सही केलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि ‘आमच्या उलाढालीस कर-लेखापरीक्षण लागू नाही’ असे त्यांचे एक ओळीचे पत्र जोडावे.

४. कागदपत्रे गोळा करा आणि मग ती एकमेकांशी जुळवा

साधारणपणे पुढील कागदपत्रे लागतात :

- पॅन कार्ड
- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, जोडपत्रांसह
- संस्थेच्या स्वरूपाचा पुरावा : भागीदारी करारपत्र, कंपनीचे निगमन प्रमाणपत्र किंवा एकल मालकीसाठी शॉप अ‍ॅक्टची नोंद
- उद्यम प्रमाणपत्र, असल्यास
- तीन वर्षांची आयकर विवरणपत्रांची पोच, ताळेबंद आणि उलाढाल प्रमाणपत्र
- रद्द केलेला धनादेश
- उत्पादकाचे अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र
- खरेदी आदेश आणि पुरवठा पूर्ण केल्याचे दाखले
- प्रवर्गानुसार लागणारे परवाने
- घोषणापत्रे आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र

ही यादी पूर्ण झाली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे सर्व कागद टेबलावर पसरून नाव, पत्ता आणि तारखा जुळवणे. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने करा आणि प्रत्येक कागदपत्रावर नाव व पत्ता जसा छापला आहे तसा, एकेक अक्षर बघून, उतरवून घ्या. या अर्ध्या तासाने आमची दुसरी फाइल वाचवली.

नावाच्या बाबतीत एकल मालकीचे दुकानदार सर्वाधिक चुकतात. त्यांचे पॅन मालकाच्या व्यक्तिगत नावाने असते. पॅनचे चौथे अक्षर पाहिले की हे कळते : व्यक्तीसाठी `P`, भागीदारी संस्थेसाठी `F` आणि कंपनीसाठी `C`. जीएसटी प्रमाणपत्रावरही कायदेशीर नाव व्यक्तीचे आणि व्यापारी नाव दुकानाचे, अशा दोन ओळी असतात. अर्जात ‘पॅननुसार नाव’ विचारले असता दुकानाचे नाव लिहिले, तर ते चूक ठरते. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव ही दोन्ही आपापल्या जागी लिहावीत.

बँकेतील नाव वेगळे असेल तर बँकेत अर्ज देऊन ते आधी दुरुस्त करून घ्या. संस्थेचे पैसे पीएफएमएस या सरकारी देयक प्रणालीतून येतात आणि तेथे पुरवठादाराचे खाते बँकेच्या नोंदीशी पडताळले जाते. नावात फरक राहिला तर ही पडताळणी अडते आणि बिल मंजूर होऊनही पैसे पोहोचत नाहीत.

पत्त्याचा सापळा जागा बदललेल्यांसाठी आहे. आम्ही पेठेतले दुकान सोडून भोसरीत गोदामासह नवी जागा घेतली होती, पण जीएसटीवर पेठेचाच पत्ता राहिला होता. मुख्य व्यवसायस्थळ बदलल्यावर पंधरा दिवसांत जीएसटी पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि तो अधिकाऱ्याकडून मंजूर व्हावा लागतो. नोंदणीची सूचना आल्यावर ही धावपळ सुरू केली तर मुदत हातची जाण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट घरबसल्या तपासता येते. gst.gov.in वर कोणाचाही जीएसटी क्रमांक घातला की नोंदणी सक्रिय आहे, निलंबित आहे की रद्द आहे, हे दिसते आणि विवरणपत्रे कोणत्या तारखेला भरली तेही दिसते. खरेदी विभाग नेमके हेच पान उघडतो. दोन-तीन महिन्यांची विवरणपत्रे राहिली असतील तर ती भरूनच अर्ज द्यावा.

उद्यम प्रमाणपत्राबद्दल जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण येथे अनेकांची समजूत चुकीची आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते, हे खरे आहे. पण जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ प्राधान्यक्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरती. सरकारी खरेदीतील सवलती उत्पादकांना आणि सेवा पुरवणाऱ्यांना आहेत. व्यापाऱ्यांना त्या नाहीत. प्रमाणपत्रावर तुमचा मुख्य व्यवसाय ‘व्यापार’ असा नोंदलेला असेल, तर प्रमाणपत्र खुशाल जोडा, पण त्याच्या आधारे माफी मागू नका. आमच्या तीन प्रवर्गांपैकी दुरुस्ती ही सेवा असल्याने तेवढ्यासाठी आम्ही सवलतीचा रकाना भरला आणि उरलेल्या दोन्हींसाठी ‘लागू नाही’ असे लिहिले. जुने उद्योग आधार जोडण्यात अर्थ नाही, त्याची वैधता ३० जून २०२२ रोजी संपली.

शॉप अ‍ॅक्टच्या बाबतीत उलट अडचण येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र मिळत नाही, फक्त सूचना दिल्याची पावती मिळते. अर्जात ‘नोंदणी प्रमाणपत्र’ मागितले असेल तर ही पावती जोडून शेजारी कामगारांची संख्या लिहावी, म्हणजे तपासणाऱ्याला खुलासा मागावा लागत नाही.

५. अर्जाचा नमुना भरताना

प्रत्येक संस्थेचा नमुना वेगळा असतो आणि तोच वापरावा लागतो. त्यातील रकाने गाळून किंवा क्रम बदलून स्वतःचा तक्ता टंकित करू नये. बहुतेक नमुन्यांचा सांगाडा मात्र पुढील पाच भागांचा असतो.

भाग अ, ओळख : कायदेशीर नाव, व्यापारी नाव, संस्थेचा प्रकार, स्थापनेचा दिनांक, नोंदणीकृत पत्ता, गोदामाचा पत्ता, संपर्क-व्यक्ती, दूरध्वनी, ईमेल. ईमेल असा द्यावा की जो रोज उघडला जातो, कारण पुढे दर मागवणारी पत्रे याच पत्त्यावर येतात. नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या माणसाचा व्यक्तिगत ईमेल येथे देऊ नये.

भाग ब, वैधानिक नोंदण्या : पॅन, जीएसटी, उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, परवाने. प्रत्येक क्रमांकापुढे वैधतेची तारीख आणि जोडपत्राचा पान क्रमांक लिहावा. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरे-अंक असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि त्यापुढचे दहा म्हणजे तुमचे पॅनच. लिहून झाल्यावर हे दहा पॅनशी पडताळून पाहावेत. एखादा अंक चुकला असेल तर येथेच सापडतो.

भाग क, आर्थिक माहिती : तीन वर्षांची उलाढाल, बँकेचा तपशील, आयएफएससी क्रमांक.

भाग ड, अनुभव : हा भाग सर्वांत लक्षपूर्वक भरावा. येथे अनेकजण फक्त खरेदी आदेश जोडतात. खरेदी आदेश म्हणजे कोणीतरी माल मागवला, एवढाच पुरावा. माल वेळेत आणि योग्य पोहोचला, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक पुरवठ्यासाठी तीन कागदांची जोडी लावावी : खरेदी आदेश, त्यावरचे बिल, आणि माल स्वीकारल्याचा दाखला किंवा समाधानकारक कामाचे पत्र. ‘जेम’वरून पुरवठा केला असेल तर माल स्वीकारल्याचे प्रमाणपत्र प्रणालीतूनच मिळते आणि ते उत्तम चालते. महाविद्यालये समाधानपत्र द्यायला वेळ लावतात, त्यामुळे माल पोहोचवल्यावर महिन्याभरातच ते मागून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. तीन वर्षांनी विभागप्रमुख बदललेले असतात.

तक्त्यातील एक नोंद कशी असावी, याचा नमुना देतो :

- प्रवर्ग : काचसामान
- खरेदीदार : (महाविद्यालयाचे नाव), रसायनशास्त्र विभाग
- खरेदी आदेश क्रमांक व दिनांक : (आदेशावर आहे तसा), १२ ऑगस्ट २०२३
- पुरवठा : ‘अ’ श्रेणीचे ब्युरेट, ५० मि.लि., ४० नग. मापी फ्लास्क, १०० मि.लि., ६० नग, बॅच प्रमाणपत्रांसह
- करविरहित रक्कम : ८६,५०० रुपये
- पुरवठ्याची ठरलेली मुदत : ११ सप्टेंबर २०२३
- प्रत्यक्ष पुरवठा : ४ सप्टेंबर २०२३
- पुरावा : पाने ३१ ते ३४

ठरलेली आणि प्रत्यक्ष तारीख नमुन्यात मागितलेली नसली, तरी शेरा लिहिण्याच्या जागेत मी ती लिहितो. छाननी करणाऱ्याला पूर्वीची कामगिरी ठरवायची असते आणि ती ठरवायला याहून सरळ आकडा नाही. रक्कम मोठी असण्यापेक्षा वस्तू मिळतीजुळती असणे येथे महत्त्वाचे. वसतिगृहाला लाखोंचे फर्निचर पुरवल्याचा आदेश काचसामानाच्या प्रवर्गात कामाचा नाही.

भाग इ, उत्पादक आणि विक्रीपश्चात सेवा : तुम्ही स्वतः उत्पादक नसाल तर ज्या कंपन्यांचा माल देणार, त्यांचे अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र लागते. त्यावर तुमचे नेमके नाव, क्षेत्र आणि वैधतेची तारीख हवी. मुख्य वितरकाने दिलेले उप-विक्रेता पत्र काही संस्था चालवून घेतात, काही घेत नाहीत. असे पत्र असेल तर त्यासोबत त्या वितरकाला उत्पादकाने दिलेल्या पत्राची प्रतही जोडावी, म्हणजे साखळी पूर्ण दिसते.

६. घोषणापत्रे : सही करण्यापूर्वी वाचा

किमान दोन घोषणापत्रे असतात. पहिले म्हणजे कोणत्याही सरकारी संस्थेने आपल्याला काळ्या यादीत टाकलेले नाही, हे. दुसरे २३ जुलै २०२० रोजी नियम १४४ (११) आल्यापासून मागितले जाते : भारताशी भू-सीमा असलेल्या देशातील पुरवठादाराशी संबंध नसल्याचे, किंवा असल्यास सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी असल्याचे. ‘मेक इन इंडिया’ आदेशानुसार स्थानिक घटकांचे प्रमाण बऱ्याचदा दर देताना सांगावे लागते. वर्ग १ चा स्थानिक पुरवठादार ठरण्यासाठी ते किमान ५० टक्के आणि वर्ग २ साठी किमान २० टक्के लागते. आयात केलेल्या रसायनांची बाटली भारतात विकत घेतली म्हणून ती स्थानिक होत नाही, तेव्हा हा आकडा उत्पादकाकडून लेखी घ्यावा.

काळ्या यादीबाबतच्या घोषणापत्राचा मजकूर साधारण असा असतो :

“आम्ही याद्वारे जाहीर करतो की, आमची संस्था अथवा तिचा कोणताही भागीदार आजच्या दिनांकास केंद्र सरकार, कोणतेही राज्य शासन, सार्वजनिक उपक्रम किंवा स्वायत्त संस्था यांच्या प्रतिबंधित यादीत नाही. अर्जातील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास आमची नोंदणी रद्द करण्याचा संस्थेस अधिकार राहील.”

पूर्वी कधी कारवाई होऊन मुदत संपली असेल तर ती लपवू नये, आदेश आणि मुदत संपल्याचा कागद जोडावा. खोटे निवेदन हे यादीतून नाव काढण्याचे कारण म्हणून नियम १५० मध्येच लिहिलेले आहे.

घोषणापत्र लेटरहेडवर मागितले असेल तर लेटरहेडवरच द्या. मुद्रांक कागदावर मागितले असेल तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आहे, हे ध्यानात ठेवा. घरात पडलेला जुना मुद्रांक वापरण्याआधी किंमत, खरेदीदाराचे नाव आणि तारीख पाहा. भागीदारी संस्थेत सर्व भागीदारांच्या सहीचे अधिकारपत्र लागते. ते नसल्यास एकाच भागीदाराने केलेल्या सह्यांवर आक्षेप येतो.

७. फाइल बांधणे आणि दाखल करणे

नमुन्याच्या क्रमानेच जोडपत्रे लावा, प्रत्येक पानावर क्रमांक, सही आणि शिक्का घ्या आणि सुरुवातीला पानांची अनुक्रमणिका ठेवा. कंपनीची रंगीत माहितीपुस्तके आणि जुनी प्रशस्तिपत्रे घालू नका. आमच्या पहिल्या फाइलीत यांचीच दीडशे पाने होती आणि हवा तो दाखला त्यांत हरवला होता. लिफाफ्यावर सूचनेचा क्रमांक आणि निवडलेले प्रवर्ग लिहा. हाताने देत असाल तर आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ऑनलाइन अर्ज असेल तर फाइलींचा आकार मर्यादेत बसवताना स्कॅन इतका अंधुक करू नका की जीएसटी क्रमांक वाचता येणार नाही. अपलोड झाल्यावर प्रत्येक फाइल पुन्हा उघडून पाहा.

८. अर्ज दिल्यानंतर

छाननीत त्रुटी आढळल्यास बहुधा ईमेलने खुलासा मागतात आणि उत्तरासाठी थोडे दिवस असतात. विचारले असेल तेवढेच, मुद्द्यांच्या त्याच क्रमाने द्यावे. नवा प्रवर्ग जोडण्याची ही वेळ नव्हे. काही संस्था दुकान किंवा गोदाम पाहायला येतात. रसायनांच्या पुरवठादाराकडे ते साठवण, अग्निशामक आणि मुदत संपलेला माल वेगळा ठेवला आहे का, हे बघतात. आमच्याकडे आलेल्या अधिकाऱ्यांनी मांडणीवरच्या दोन बाटल्या उचलून बॅच क्रमांक आणि मुदत वाचली आणि त्यांची खरेदीची बिले मागितली. ती पाच मिनिटांत सापडली, हेच त्या भेटीचे फलित होते.

मंजुरीचे पत्र आले की त्यावरील प्रवर्ग, मुदत आणि नाव तपासा आणि संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीतही ते तसेच आहे ना, हे पाहा. त्यानंतर दर मागवणारी पत्रे येऊ लागतात. पुष्कळ संस्थांच्या अटींत लागोपाठ काही पत्रांना उत्तर न दिल्यास नाव कमी करण्याची तरतूद असते. माल देता येत नसेल, तर ‘या वेळी दर देऊ शकत नाही’ एवढे एका ओळीत, कारणासह, मुदतीच्या आत कळवावे. पत्ता, बँक खाते, भागीदार किंवा विक्रेता प्रमाणपत्राची मुदत बदलली तर तेही लगेच लेखी कळवावे. नोंदणीची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा, कारण नूतनीकरणाला पुन्हा संपूर्ण अर्ज आणि त्या वेळच्या तीन वर्षांचे आकडे लागतात.